सेवा विभागाच्या खर्चाचे द्विदर वाटप : एका हिशेबी कल्पनेचा इतिहास (1892 ते 2002)

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या परिव्यय लेखांकनाच्या पाठ्यपुस्तकांत सेवा विभागांच्या खर्चाच्या वाटपाचे एक प्रकरण असते. कारखान्यातील विद्युतगृह, बाष्पगृह, दुरुस्तीशाळा किंवा संगणक विभाग हे स्वतः विक्रीयोग्य वस्तू तयार करीत नाहीत. ते इतर विभागांची सेवा करतात आणि त्यांचा खर्च त्या विभागांवर टाकावा लागतो. या प्रकरणाच्या शेवटाकडे 'द्विदर पद्धती' थोडक्यात सांगितलेली असते : सेवा विभागाचा स्थिर खर्च इतर विभागांना मागितलेल्या क्षमतेच्या प्रमाणात वाटावा आणि बदलता खर्च प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात आकारावा. विद्यार्थी एक उदाहरण सोडवतो, परीक्षेत पाच-सहा गुण मिळवतो आणि पुढे जातो. ही विभागणी कोणाला, केव्हा आणि कशासाठी सुचली हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय तोच प्रश्न आहे. या पद्धतीची संपूर्ण व सुस्पष्ट मांडणी प्रथम वीजपुरवठ्याच्या क्षेत्रात झाली. ती करणारी व्यक्ती लेखापाल नव्हती, अभियंता होती. या उगमाचे स्मरण ठेवले तर पद्धतीतील खरी अडचण कोठे आहे हेही ध्यानात येते. खर्चाचे स्थिर व बदलता असे दोन भाग पाडणे तुलनेने सोपे असते. स्थिर भाग ज्या 'क्षमते'च्या प्रमाणात वाटायचा ती क्षमता कोणाची, कोणी सांगितलेली आणि केव्हा ठरलेली, हे ठरवणे अवघड असते. या एका मुद्द्यावर भारतासारख्या देशाचे संपूर्ण वीजजाळे जवळजवळ दहा वर्षे अडखळत राहिले, हे या निबंधाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

हॉपकिन्सन यांचे 1892 चे भाषण

जॉन हॉपकिन्सन (1849-1898) हे मूळचे मँचेस्टरचे. केंब्रिज येथे गणितात सर्वप्रथम आलेले हे गृहस्थ पुढे दीपगृहांच्या भिंगांपासून वीजवाटपाच्या त्रितारी पद्धतीपर्यंत अनेक विषयांत रमले आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. 1898 मध्ये आल्प्स पर्वतात गिर्यारोहण करीत असता अपघातात त्यांचा तीन अपत्यांसह मृत्यू झाला. 4 नोव्हेंबर 1892 रोजी ज्युनिअर इंजिनिअरिंग सोसायटीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी वीजपुरवठ्याच्या खर्चावर भाषण केले. पुढील सर्व चर्चेचा आरंभबिंदू म्हणून या भाषणाकडे पाहिले जाते.

त्या काळची परिस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. वीज तेव्हा मुख्यतः दिव्यांसाठीच वापरली जात होती आणि तिची स्पर्धा कोळशाच्या वायूशी होती. वायू टाकीत साठवून ठेवता येतो. दिवसभर सावकाश वायू तयार करायचा आणि संध्याकाळी सगळे शहर एकदम दिवे लावते तेव्हा टाकीतून पुरवायचा, अशी सोय वायू कंपनीला होती. विजेची तशी साठवण मोठ्या प्रमाणावर परवडत नव्हती. ज्या क्षणी दिवा लागतो त्याच क्षणी वीज निर्माण व्हावी लागते. त्यामुळे हिवाळ्यातील सर्वांत काळोख्या संध्याकाळी जेवढे दिवे एकाच वेळी लागतील तेवढ्यांसाठी बाष्पयंत्रे, जनित्रे आणि जमिनीखालील तारा वर्षभर सज्ज ठेवाव्या लागत.

हॉपकिन्सन यांच्या विवेचनाचा गाभा असा की, वीज कंपनी ग्राहकाला दोन वेगवेगळ्या गोष्टी देते. एक म्हणजे प्रत्यक्ष वीज आणि दुसरी म्हणजे मागताक्षणी वीज देण्याची सज्जता. या सज्जतेचा खर्च, म्हणजे भांडवलावरील व्याज, घसारा, यंत्रे तापत ठेवण्याचा आणि माणसे नेमून ठेवण्याचा खर्च, ग्राहकाने दिवा लावला नाही तरी होतच असतो. दिवा लावल्यावर वाढतो तो मुख्यतः कोळशाचा खर्च, आणि एकूण खर्चात तो त्या काळी लहानसाच भाग होता. म्हणून महिन्यातून दोनदा मेजवानीसाठी शंभर दिवे लावणाऱ्या श्रीमंत घराला आणि रोज पहाटेपर्यंत दहा दिवे जाळणाऱ्या खानावळीला दर युनिटमागे एकच भाव लावणे अन्यायाचे आहे. पहिल्या घरासाठी कंपनीने यंत्रसामग्री गुंतवून ठेवलेली असते, पण तिचा मोबदला मिळतो तो मूठभर युनिटांपुरता. यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे दोन भागांचा आकार : ग्राहकाच्या कमाल मागणीनुसार ठरावीक कालावधीचा स्थिर आकार आणि त्यावर प्रत्यक्ष युनिटांचा अल्प दर.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हॉपकिन्सन यांनी न्यायाचा मुद्दा मांडला खरा, परंतु त्यांच्या मांडणीचे खरे बळ व्यवहारात होते. एकच दर ठेवला तर कंपनीला जे ग्राहक सर्वांत हवेसे, म्हणजे दीर्घकाळ वीज वापरणारे, तेच महाग भावामुळे वायूकडे जातात आणि नकोसे तेवढे उरतात. वाटपाची चुकीची पद्धत केवळ हिशेब बिघडवीत नाही, ती ग्राहकांची निवडही बिघडवते. हे निरीक्षण पुढे कारखान्यातील विभागांनाही जसेच्या तसे लागू पडते.

राइट यांचे मापक

कमाल मागणीवर आकारणी करायची तर ती मोजता आली पाहिजे. घरात किती दिवे बसवले आहेत यावरून अंदाज बांधता येई, पण बसवलेले सर्व दिवे एकाच वेळी लागत नसतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथील नगरपालिकेच्या वीज केंद्राचे अभियंता आर्थर राइट यांनी या कामासाठी एक सुटसुटीत उपकरण योजले. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या बंद काचनळीत द्रव भरलेला असे आणि नळीच्या एका टोकाच्या फुग्याभोवती तारेचे वेटोळे असे. ग्राहकाचा विद्युतप्रवाह त्या तारेतून गेला की ती तापे, फुग्यातील हवा प्रसरण पावे आणि द्रव दुसऱ्या बाजूने वर चढून एका मोजनळीत सांडे. सांडलेला द्रव परत येत नसे. म्हणून तिमाहीच्या अखेरीस मोजनळीत जेवढा द्रव साचला असेल त्यावरून त्या काळातील कमाल प्रवाह कळे. तार तापायला थोडा वेळ लागत असल्याने क्षणभराचा झटका त्यात नोंदला जात नसे, आणि हे ग्राहकाच्या दृष्टीने योग्यच होते.

या मापकाच्या आधारे ब्रायटन येथे कमाल मागणीच्या हिशेबाने ठरणाऱ्या पहिल्या काही तासांच्या वापरास चढा दर आणि त्यापुढील वापरास बराच कमी दर अशी आकारणी होऊ लागली. वरवर पाहता हे दोन टप्प्यांचे दरपत्रक वाटते. वस्तुतः चढ्या दरातून स्थिर खर्च वसूल होतो आणि उतरत्या दरातून मुख्यतः बदलता खर्च. शिकागो येथील वीज कंपनीचे प्रमुख सॅम्युएल इन्सल यांनी 1894 मध्ये इंग्लंडच्या भेटीत ही पद्धत पाहिली आणि ती अमेरिकेत नेली. 1900 मध्ये हेन्री डोहर्टी यांनी तिसरा भाग सुचवला : मापक वाचणे, देयक लिहिणे, नोंदवही ठेवणे यांचा खर्च ग्राहकाच्या मागणीवरही अवलंबून नसतो आणि वापरावरही नसतो, म्हणून तो दर ग्राहकामागे सरसकट आकारावा. आजच्या वीजदेयकातील 'स्थिर आकार', 'मागणी आकार' आणि 'वीज आकार' यांची वंशावळ येथपर्यंत पोचते.

राइट यांच्या पद्धतीत एक उणीव होती आणि समकालीनांनी ती लगेच दाखवून दिली. त्यांचे मापक ग्राहकाची स्वतःची कमाल मागणी सांगे, ती कोणत्या वेळी होती हे सांगत नसे. दुपारी बारा वाजता सर्वाधिक वीज घेणारा छापखाना आणि संध्याकाळी सहा वाजता सर्वाधिक वीज घेणारे दुकान यांच्यावर सारखाच भार पडे. परंतु केंद्राची यंत्रे संध्याकाळच्या गर्दीसाठी उभारलेली असतात आणि छापखाना तेव्हा बंद असतो. सर्व ग्राहकांच्या वैयक्तिक कमाल मागण्यांची बेरीज केंद्राच्या प्रत्यक्ष कमाल मागणीपेक्षा नेहमी मोठी भरते, ती याच कारणाने. 'क्षमता कोणाची' हा प्रश्न असा जन्मापासूनच या पद्धतीला चिकटलेला आहे.

कारखान्याच्या हिशेबात

विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांतील परिव्यय लेखकांना याच स्वरूपाची अडचण निराळ्या वाटेने भेटली. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च यांनी 1901 मध्ये 'इंजिनिअरिंग मॅगेझिन'मधील लेखमालेत प्रत्येक यंत्राकडे स्वतंत्र भाड्याने घेतलेल्या लहान दुकानासारखे पाहण्याची सूचना केली. यंत्र रिकामे राहिल्यामुळे वसूल न झालेला खर्च त्यांनी पूरक दराच्या रूपाने वेगळा काढला. 1915 मध्ये हेन्री गँट यांनी आणखी पुढे जाऊन रिकाम्या यंत्रांचा खर्च तयार मालाच्या माथी मारणेच चूक आहे असे प्रतिपादन केले. जॉन मॉरिस क्लार्क यांच्या 1923 च्या अप्रत्यक्ष खर्चावरील ग्रंथात रेल्वे व सार्वजनिक सेवा यांच्या दरांचा विचार कारखान्यांच्या खर्चासोबतच केलेला आहे. तेथपासून या दोन धारा एकत्र वाहू लागल्या असे मानता येते.

पद्धत कारखान्यात कशी चालते हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. एका कापड गिरणीचे स्वतःचे विद्युतगृह आहे आणि त्याचा लाभ कताई व विणाई हे दोन विभाग घेतात. विद्युतगृह उभारताना कताईने 120 किलोवॅट व विणाईने 80 किलोवॅट क्षमता मागितली आणि त्याप्रमाणे 200 किलोवॅटचे केंद्र बांधले गेले. त्याचा वार्षिक स्थिर खर्च 12 लाख रुपये आहे आणि बदलता खर्च युनिटमागे 2 रुपये. अंदाजानुसार कताई वर्षाला 3,60,000 व विणाई 2,40,000 युनिट वापरील.

एकदर पद्धतीने हिशेब सोपा आहे. 12 लाखांना 6 लाख युनिटांनी भागले की 2 रुपये येतात. त्यांत बदलते 2 रुपये मिळवले की युनिटमागे दर 4 रुपये. सर्व काही अंदाजाप्रमाणे घडले तर या दरात आणि द्विदर पद्धतीत काहीच फरक पडत नाही. पाठ्यपुस्तकांतील पुष्कळ उदाहरणे याच टप्प्यावर थांबतात, आणि त्यामुळे पद्धतीचे प्रयोजनच विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही.

आता पुढील वर्षी कापडाची मागणी घटली आणि विणाईचा वापर निम्म्यावर, म्हणजे 1,20,000 युनिटांवर आला असे समजू. कताईने आपले सूत बाहेर विकले आणि तिचा वापर पूर्वीइतकाच राहिला. एकूण खर्च आता 12 लाख अधिक 9 लाख 60 हजार, म्हणजे 21 लाख 60 हजार झाला. 4,80,000 युनिटांनी भागता दर साडेचार रुपये येतो. कताईच्या नावे 14 लाख 40 हजारांऐवजी 16 लाख 20 हजार पडतात. कताईने एकही युनिट जास्त वापरले नाही, विद्युतगृहाने एक किलो कोळसाही वाया घालवला नाही, तरी कताईचा खर्च 1 लाख 80 हजारांनी वाढला. विणाईच्या मंदीचा दंड कताईने भरला.

द्विदर पद्धतीत स्थिर 12 लाखांपैकी 120 किलोवॅटच्या वाट्याचे 7 लाख 20 हजार कताईकडे आणि 80 किलोवॅटच्या वाट्याचे 4 लाख 80 हजार विणाईकडे जातात. वापर कितीही झाला तरी हे आकडे बदलत नाहीत. त्यावर दर युनिटला 2 रुपये. त्यामुळे कताईचा एकूण आकार 14 लाख 40 हजारच राहतो आणि विणाईचा 7 लाख 20 हजार होतो. बेरीज तीच 21 लाख 60 हजार. आपल्यासाठी राखून ठेवलेल्या, पण न वापरलेल्या सज्जतेची किंमत विणाईच्या पदरी राहिली, आणि ती तेथेच असायला हवी.

याच वेळी बाहेरची एक वीज कंपनी साडेतीन रुपये दराने वीज देऊ करते असे मानू. एकदर पद्धतीत विणाईच्या प्रमुखांना स्वतःचे विद्युतगृह साडेचार रुपयांना पडते. ते बाहेरची वीज घेतात. त्यांच्या विभागाची 1 लाख 20 हजारांची बचत होते आणि ते कौतुकास पात्र ठरतात. पण गिरणीचे काय झाले? बाहेर 4 लाख 20 हजार गेले आणि विद्युतगृहात वाचले फक्त बदलते 2 लाख 40 हजार. गिरणीला 1 लाख 80 हजारांचा तोटा झाला. शिवाय आता सर्व स्थिर खर्च कताईवर आला आणि तिचा दर युनिटमागे 5 रुपये 33 पैशांवर गेला. कताईचे प्रमुखही बाहेरच्या कंपनीकडे वळणार हे उघड आहे. हॉपकिन्सन यांनी वायू कंपनीकडे जाणाऱ्या ग्राहकांविषयी जे म्हटले होते तेच येथे एका छपराखाली घडते. द्विदर पद्धतीत मात्र विणाईचे प्रमुख साडेतीन रुपयांची तुलना 2 रुपयांशी करतात, कारण स्थिर आकार दोन्ही परिस्थितींत द्यावाच लागतो. गिरणीच्या हिताचा निर्णय आणि विभागाच्या हिताचा निर्णय एकच होतो.

बदलत्या खर्चाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक असते. आकारणी अंदाजपत्रकी दराने करावी लागते, वर्षअखेरीच्या प्रत्यक्ष दराने करून चालत नाही. विद्युतगृहाने कोळसा उधळला आणि प्रत्यक्ष खर्च युनिटमागे 2 रुपये 30 पैसे झाला, तर जादा 30 पैसे विद्युतगृहाच्याच खात्यात दिसले पाहिजेत. ते आपोआप इतर विभागांवर ढकलले गेले तर सेवा विभागाला काटकसरीचे कारणच उरत नाही, आणि वापर करणाऱ्या विभागाला वर्ष संपेपर्यंत आपला दर कळत नाही.

क्षमता सांगायची कोणी?

पद्धतीचा कच्चा दुवा आता पाहू. स्थिर खर्च मागितलेल्या क्षमतेवर पडणार हे कळल्यावर विणाईचे प्रमुख 80 किलोवॅटऐवजी 50 किलोवॅट सांगतात असे समजा. केंद्र तर 200 किलोवॅटचेच उभे आहे. हिशेबनीस 12 लाख रुपये 120 व 50 या प्रमाणात वाटतात. विणाईचा स्थिर आकार 4 लाख 80 हजारांवरून सुमारे 3 लाख 53 हजारांवर येतो आणि उरलेले सुमारे 1 लाख 27 हजार कताईवर चढतात. जो कमी सांगतो त्याला बक्षीस आणि जो खरे सांगतो त्याला दंड, अशी ही व्यवस्था होते.

हा प्रकार ओळखण्याचा मार्ग सोपा आहे : सांगितलेल्या क्षमतांची बेरीज उभारलेल्या क्षमतेशी ताडून पाहावी. बेरीज कमी भरत असेल आणि तरीही सर्व स्थिर खर्च पूर्णपणे वाटला जात असेल, तर कोणाचा तरी भार दुसऱ्यावर गेलेला आहे. उपाय म्हणजे वाटप विभागांच्या परस्पर प्रमाणात न करता उभारलेल्या क्षमतेच्या दराने करणे. 12 लाखांना 200 ने भागले की किलोवॅटमागे 6,000 रुपये. विणाईने 50 किलोवॅट सांगितले तर तिचा आकार 3 लाख, कताईचा 7 लाख 20 हजार आणि उरलेले 1 लाख 80 हजार कोणावरही न टाकता 'रिकामी क्षमता' या शीर्षकाखाली उघडे ठेवायचे. गँट यांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. मग केंद्र एवढे मोठे का बांधले, हा प्रश्न योग्य त्या व्यक्तीला विचारता येतो.

दुसरा उपाय राइट यांच्या मापकाचा आहे. सांगितलेली क्षमता आणि मोजलेली कमाल मागणी यांची सांगड घालायची, आणि मोजलेली मागणी सांगितलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर जादा भागावर चढा दर लावायचा. आपल्याकडील औद्योगिक वीजदेयकांत करारित मागणी, नोंदलेली कमाल मागणी आणि करारित मागणीच्या ठरावीक टक्केवारीचा किमान आकार या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. टक्केवारीची अट जास्त मागणी सांगून क्षमता अडवणाऱ्याला आवरते आणि दंडाचा दर कमी सांगणाऱ्याला. ज्यांच्या महाविद्यालयाला उच्चदाब जोडणी आहे त्यांनी कार्यालयातील देयक एकदा वर्गात आणून दाखवावे. फळ्यावरच्या उदाहरणापेक्षा विद्यार्थ्यांना ते अधिक लवकर उमगते.

भारतातील अनुभव : नाव द्विदर, परिणाम एकदर

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारच्या मालकीची मोठी औष्णिक वीज केंद्रे उभी राहिली आणि एकेका केंद्रातून अनेक राज्यांच्या वीज मंडळांना वीज मिळू लागली. गिरणीच्या उदाहरणातील विद्युतगृह म्हणजे हे केंद्र आणि विभाग म्हणजे राज्ये, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. आरंभी आकारणी सरळ युनिटमागे एका दराने होत असे. के. पी. राव समितीच्या शिफारशींनुसार 1992 पासून दोन भागांचा दर लागू झाला. स्थिर खर्च आणि इंधनाचा खर्च वेगवेगळे काढले जाऊ लागले. कागदावर हे हॉपकिन्सन यांचे सूत्र होते.

परंतु स्थिर खर्चाची एकूण रक्कम राज्यांत वाटली जात होती ती त्यांनी प्रत्यक्ष उचललेल्या विजेच्या प्रमाणात. खर्चाचे दोन भाग झाले, पण दोन्ही भागांच्या वाटपाचा आधार एकच राहिला, प्रत्यक्ष वापर. ज्या राज्याने कमी वीज उचलली त्याचा स्थिर आकारही कमी झाला आणि तो इतरांवर चढला. म्हणजे व्यवहारात ही एकदर पद्धतच होती.

याचे परिणाम रात्री दिसत. पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. केंद्रीय वीजगृहाचा इंधनखर्च युनिटमागे 90 पैसे आहे आणि स्थिर खर्चासह राज्याला वीज 1 रुपया 70 पैशांना पडते. राज्याच्या स्वतःच्या जुन्या वीजगृहाचा इंधनखर्च 1 रुपया 30 पैसे आहे. मध्यरात्री मागणी घटली की कोणते तरी केंद्र मंद करावे लागते. देशाच्या हिताचा विचार केला तर 1 रुपया 30 पैशांचे केंद्र मंद करून 90 पैशांचे चालू ठेवावे. परंतु राज्य मंडळाला तुलना दिसते ती 1 रुपया 30 पैसे आणि 1 रुपया 70 पैसे यांची. ते स्वतःचे महाग केंद्र चालू ठेवते आणि स्वस्त केंद्रीय वीज नाकारते. विणाईच्या प्रमुखांनी केलेली निवड ती हीच. दुसऱ्या बाजूला केंद्रीय वीजगृहांना प्रोत्साहनपर रक्कम उत्पादित युनिटांवर मिळत असल्याने तीही मंद होण्यास राजी नसत.

लेखापुस्तकात चूक झाली तर ताळेबंद बिघडतो. वीजजाळ्यात तीच चूक वारंवारितेच्या काट्यावर दिसते. मागणीपेक्षा उत्पादन वाढले की वारंवारिता सेकंदाला 50 आवर्तनांच्या वर जाते, कमी पडले की खाली येते. त्या दशकात देशाच्या काही भागांत रात्री ती 51 च्याही वर आणि संध्याकाळी 48.5 च्याही खाली जाई. अशा चढउतारांनी टर्बाइनच्या पात्यांवर ताण येतो, कारखान्यांतील यंत्रांचा वेग बदलतो आणि जाळे कोसळण्याचा धोका वाढतो.

1994 मध्ये परदेशी सल्लागार संस्थेच्या अहवालाने उपलब्धतेवर आधारित दराची शिफारस केली. तो भारतीय परिस्थितीत बसवण्याच्या कामात भानू भूषण यांचा वाटा मोठा मानला जातो. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने 4 जानेवारी 2000 रोजी त्याविषयीचा आदेश काढला, आणि 1 जुलै 2002 रोजी ही पद्धत सर्वप्रथम पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड आणि लगतचे केंद्रशासित प्रदेश यांत, सुरू झाली. उत्तर विभागात ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणि दक्षिण विभागात 2003 च्या जानेवारीत आली.

पद्धतीत नेमके काय बदलले? पहिली गोष्ट, स्थिर खर्च प्रत्येक राज्याला केंद्राच्या क्षमतेत जो वाटा ठरवून दिला आहे त्या प्रमाणात द्यावा लागू लागला, वीज उचलो वा न उचलो. दुसरी गोष्ट, इंधनखर्च राज्याने आदल्या दिवशी मागणी नोंदवून ठरलेल्या कार्यक्रमानुसार द्यायचा. तिसरी गोष्ट, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडून ठरलेल्या कार्यक्रमापासून झालेल्या प्रत्येक विचलनाचा हिशेब त्या वेळच्या वारंवारितेनुसार ठरणाऱ्या दराने करायचा. वीजगृहालाही स्थिर खर्च मिळणार तो त्याने जाहीर केलेल्या उपलब्धतेवर, निर्माण केलेल्या युनिटांवर नव्हे. मध्यरात्री आता राज्य मंडळाला तुलना दिसू लागली ती 90 पैसे आणि 1 रुपया 30 पैसे यांची. पश्चिम विभागातील वारंवारितेत त्यानंतर अल्पावधीतच लक्षणीय सुधारणा झाली. एकही नवे यंत्र न बसवता, केवळ वाटपाचा आधार बदलून हे साधले. यात तिसऱ्या भागाचा हातभार मोठा होता हे खरे. परंतु स्थिर खर्च क्षमतेच्या वाट्याला बांधल्याशिवाय तो भाग उभाच राहू शकला नसता.

विचलनाच्या हिशेबाची जागा 2014 मध्ये नव्या नियमांनी घेतली. क्षमतेच्या वाट्यानुसार स्थिर आकार हा गाभा मात्र टिकला, आणि त्याच्याबरोबर हॉपकिन्सन यांच्यापासून चालत आलेली अडचणही टिकली. वाटा ठरतो तो केंद्र उभारताना, अनेक वर्षांच्या मागणीच्या अंदाजावर. करार साधारणतः पंचवीस वर्षांचे असतात. दरम्यान मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही किंवा सौरऊर्जा स्वस्त झाली, तर राज्याच्या वितरण कंपनीला न घेतलेल्या विजेचा स्थिर आकार भरत राहावे लागते आणि तो शेवटी ग्राहकांच्या दरात येतो. द्विदर पद्धतीच्या दृष्टीने यात दोष नाही, कारण सज्जता राखून ठेवली तिची किंमत मागणाऱ्याने द्यायची असाच तिचा नियम आहे. पण क्षमता मागणारे अधिकारी आणि पंधरा वर्षांनी देयक भरणारे ग्राहक या निरनिराळ्या पिढ्यांतील व्यक्ती असतात. 1892 च्या ब्रिटिश ग्राहकाला पुढल्या तिमाहीत दिवे कमी करून आपली कमाल मागणी उतरवता येत होती. भारतातील राज्यांना जुन्या केंद्रांतील आपला वाटा करार पूर्ण झाल्यावर सोडून देण्याची रीतसर मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2021 च्या मार्च महिन्यात दिली.